कंपाऊंड वॉलला ब्लॉक किती आणि सांध्यांना माल किती, स्वतः काढायचा हिशोब

गावाकडे जेमतेम तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतला, मोजणी झाली, आणि पहिलं काम निघालं कंपाऊंडचं. ब्लॉक किती लागतील असं विचारलं तर तिघांनी तीन आकडे सांगितले आणि मी सगळ्यात सोपा दिसणारा धरला, म्हणजे घेर गुणिले उंची गुणिले साडेबारा. १,३०० ब्लॉक मागवले. काम संपलं तेव्हा १९० च्या आसपास ब्लॉक तसेच पडून होते, ज्याच्याकडून घेतले तो परत न्यायला तयार नव्हता, आणि दुसरीकडे सिमेंट मात्र अर्ध्या कामातच संपलं. ब्लॉक जास्त आणि सिमेंट कमी असं एकाच भिंतीत कसं झालं हे समजून घ्यायला मला पुन्हा टेप घेऊन सगळं मोजावं लागलं. तेच इथे माझ्याच प्लॉटचे आकडे घेऊन लिहितोय, तुम्ही तुमचे आकडे घालून हेच करा.

हा हिशोब सॉलिड काँक्रीट ब्लॉकचा आहे, सहा इंची जाडीचा, मध्ये आरसीसी कॉलम, खाली प्लिंथ बीम आणि वर कोपिंग असलेल्या भिंतीचा. पोकळ ब्लॉक असतील तर माल लावायची पद्धत वेगळी, हलके पांढरे एएसी ब्लॉक असतील तर त्यांचा सांधा पातळ केमिकलचा असतो, त्यांना हे माल काढायचं गणित लावू नका. पाया, कॉलमचा खड्डा, सळई हे इंजिनिअरकडून घ्या, काळी माती असेल तर नक्कीच घ्या, ते इथे धरलेलं नाही.

आधी हाताशी काय हवं

- मोजणीच्या नकाशाची क प्रत. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, बाजूंची लांबी कळत नाही, आणि भिंतीचा हिशोब बाजूंवर चालतो.
- भिंतीच्या परवानगीचा कागद किंवा निदान मंजूर उंची. नगरपालिकेच्या हद्दीत भरीव भिंत किती उंच चालेल याला मर्यादा असते, ब्लॉक मोजायच्या आधी ती विचारून घ्या.
- गेटचं माप, फॅब्रिकेटरने सांगितलेलं, अंदाजाचं नको.
- ३० मीटरचा टेप, एक ५ मीटरचा टेप, दोरी, खडू, वही. कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच.
- ज्या प्लांटचे ब्लॉक घेणार त्याचे दहा नग, किंवा तिथे जाऊन मोजायची परवानगी.

फूट आणि मीटर एकत्र करू नका. मिस्त्री फुटात बोलतात, ब्लॉक मिलिमीटरमध्ये येतो, नकाशा मीटरमध्ये असतो. मी सगळं मीटरमध्ये उतरवून घेतलं आणि फक्त वाळू ब्रासमध्ये काढली कारण ती तशीच विकली जाते.

१. ब्लॉक खरंच किती मोठा आहे ते मोजा

दुकानात "सोळा-आठ-सहा" म्हणतात, बिलावर ४००×२००×१५० लिहितात. आता यातली गोम अशी की बऱ्याच प्लांटचा ब्लॉक प्रत्यक्षात ३९०×१९० मिमी असतो आणि उरलेले १० मिमी हे मालाच्या सांध्यासाठी सोडलेले असतात. म्हणजे ब्लॉक अधिक सांधा मिळून ४००×२०० होतं. भारतीय मानकातही नाव असंच सांधा धरून दिलेलं आहे. पण काही प्लांटचा साचा खरोखर ४००×२०० चा असतो, आणि काहींचा झिजून किंवा मुद्दाम बारीक करून ३८०×१८० पर्यंत आलेला असतो. तिघांच्याही बिलावर नाव एकच.

म्हणून दहा ब्लॉक सपाट जागेवर टोकाला टोक लावून ठेवा, मध्ये फट नको, आणि टेप लावा. ३.९ मीटर आलं तर ब्लॉक ३९० चा. ४ मीटर आलं तर ४०० चा. ३.८ आलं तर सावध व्हा. एकच ब्लॉक मोजून फसायला होतं कारण लांबीत पाचेक मिमी कमीजास्त असणं मान्यच असतं. उंची आणि जाडी पण तशीच दहा नगांची बघा.

आता एक चौरस मीटर भिंतीला किती ब्लॉक ते असं:

३९०×१९० चा ब्लॉक, १० मिमी सांधा → ०.४० × ०.२० = ०.०८ चौ.मी. → १ ÷ ०.०८ = १२.५ नग
४००×२०० चा ब्लॉक, १० मिमी सांधा → ०.४१ × ०.२१ = ०.०८६१ → साधारण ११.६ नग
३८०×१८० चा ब्लॉक, १० मिमी सांधा → ०.३९ × ०.१९ = ०.०७४१ → साधारण १३.५ नग

सगळीकडे ऐकू येणारा "साडेबारा" हा फक्त पहिल्या ओळीचा आकडा आहे. ब्लॉकची जाडी चार इंच, सहा इंच की आठ इंच याने ही संख्या बदलत नाही कारण आपण भिंतीचा चेहरा मोजतोय, जाडीने फक्त माल बदलतो. आणि ३८० चा ब्लॉक नगामागे एकदोन रुपयांनी स्वस्त मिळाला म्हणून खूश होऊ नका, एका चौरस मीटरला एक नग जास्त जातो, वर सांधे वाढले म्हणून सिमेंटही जातं.

माझे ब्लॉक ३९०×१९०×१५० होते, पुढचा हिशोब त्याच्यावर.

२. लांबी काढताना कोपरे, कॉलम आणि गेट वजा करा

माझा प्लॉट १५ × २० मीटर. घेर ७० मीटर. माझी पहिली चूक इथेच झाली, मी ७० मीटर सरसकट ब्लॉकची भिंत धरली. प्रत्यक्षात त्यातले जवळजवळ साडेसहा मीटर कॉलमनी खाल्ले होते आणि साडेचार मीटरच्या वर गेट होतं.

प्रत्येक बाजू वेगळी घ्या. वहीत प्लॉटचा चौकोन काढा, कॉलम ठिपक्यांनी दाखवा, आणि दोन कॉलमच्या मधली मोकळी जागा, ज्याला आमच्याकडे गाळा म्हणतात, तिची लांबी लिहा. माझे कॉलम २३०×२३० मिमीचे (नऊ इंची) होते.

२० मीटरच्या बाजूला कोपऱ्यांचे धरून ८ कॉलम, म्हणजे ७ गाळे. ८ × ०.२३ = १.८४ मीटर कॉलममध्ये गेले, उरले १८.१६ मीटर. एक गाळा २.५९४ मीटर. अशा दोन बाजू.

मागची १५ मीटरची बाजू, ६ कॉलम, ५ गाळे. १५ − १.३८ = १३.६२ मीटर. एक गाळा २.७२४ मीटर.

पुढची बाजू पण १५ मीटर, तिच्यात ३.६ मीटरचं मोठं गेट आणि १ मीटरचं छोटं. कॉलम सहाच पण गेटचे धरून. १५ − १.३८ − ४.६ = ९.०२ मीटर, ३ गाळे, प्रत्येकी साधारण ३ मीटर.

ब्लॉकची खरी लांबी मग १८.१६ + १८.१६ + १३.६२ + ९.०२ = ५८.९६ मीटर. सत्तर नाही, एकोणसाठ.

कोपऱ्याबद्दल एक सांगतो, कोपऱ्याचा कॉलम दोन्ही बाजूंना वजा केलाय आणि तेच बरोबर आहे कारण १५ आणि २० हे बाहेरून बाहेर मोजलेले आहेत. पण एकूण कॉलम मोजताना मात्र कोपरे दोनदा येतात, ८+८+६+६ = २८ मधून ४ काढले की खरे कॉलम २४. सळई मागवताना हे लक्षात ठेवा. तुमच्या भिंतीला कॉलम नसतील, नुसते ब्लॉक कोपऱ्यात एकमेकांत गुंफले असतील, तर बाहेरच्या घेरातून चार कोपऱ्यांची भिंतीची जाडी एकेकदा वजा करा, ७० − ४ × ०.१५ = ६९.४.

३. उंची थरांत ठरवा, फुटांत नको

"पाच फूट करा" असं सांगितलं की मिस्त्री थर चढवत जातो आणि शेवटच्या थराला तीनचार इंच कमी पडतात. मग एकतर ब्लॉक आडवे कापून लावतात किंवा मालाचा जाड थर देऊन उंची भरतात. पहिल्यात ब्लॉक फुकट जातात, दुसऱ्यात सिमेंट.

एक थर म्हणजे १९० चा ब्लॉक आणि १० चा सांधा, २०० मिमी. सात थर म्हणजे १.४ मीटर. वर १०० मिमीचं काँक्रीट कोपिंग, झाली १.५ मीटर. कोपिंग ब्लॉकच्या उंचीत धरू नका, मी धरलं होतं आणि तिथे अर्धा थर जास्त मोजला गेला. जर तुम्हाला उंची थोडी वेगळी हवी असेल तर कोपिंगची जाडी बदला किंवा प्लिंथ बीम वरखाली घ्या, ब्लॉक कापत बसू नका.

प्लॉटला उतार असेल तर प्लिंथ बीम पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात. ती पायरी पण २०० मिमीचीच ठेवायला सांगा म्हणजे थर जुळून येतात. प्रत्येक पायरीपाशी वरचा थर कुठे बंद होतो ते वहीत लिहा आणि तेवढे गाळे वेगळे मोजा.

माझ्या भिंतीचं क्षेत्रफळ ५८.९६ × १.४ = ८२.५ चौ.मी. आणि ८२.५ × १२.५ = १,०३२ नग. सुरुवातीला मी ७० × १.५ × १२.५ करून १,३१२ काढले होते, २८० नगांचा फरक कुठून आला ते आता दिसतंय ना, दोनशेच्या आसपास कॉलम-गेटमधून आणि उरलेला कोपिंगच्या उंचीतून.

४. मग एकेका गाळ्याचा थर मोजा

क्षेत्रफळाचा आकडा हा पडताळा म्हणून ठेवा. खरा आकडा गाळ्यातून येतो कारण क्षेत्रफळाला ब्लॉक कापावा लागतो हे कळत नाही.

गाळ्यात ब्लॉकपेक्षा सांधा एक जास्त असतो, दोन्ही टोकांना कॉलमला लागून माल असतो म्हणून. तर सहा पूर्ण ब्लॉक बसायला ६ × ४०० + १० = २,४१० मिमी लागतात. सहा ब्लॉक आणि एक अद्धा म्हणजे २,६१० मिमी.

माझा लांब बाजूचा गाळा २,५९४ चा. सहा ब्लॉक आणि अद्धा, फक्त उभे सांधे १० ऐवजी ८ मिमीचे. गंमत म्हणजे हा गाळा सगळ्यात चांगला निघाला, कारण पहिल्या थरात अद्धा उजवीकडे, दुसऱ्या थरात डावीकडे, सांधे आपोआप अर्ध्यावर तुटतात आणि दुसरा कुठलाही तुकडा लागत नाही. एका थराला ६.५ नग.

मागचा गाळा २,७२४ चा, तो वाईट. सहा ब्लॉक बसून ३१४ मिमी उरतात, त्यात ३०४ चा तुकडा. म्हणजे पाऊण ब्लॉक लावला आणि उरलेला पावच्या आसपासचा तुकडा कुठेच कामाचा नाही. एका थराला सरळ ७ नग धरायचे.

पुढचा गाळा ३,००७ चा, सात ब्लॉक आणि अद्धा, ७.५ नग.

आता बेरीज, सात थरांची:

लांब बाजू: १४ गाळे × ७ थर × ६.५ = ६३७
मागे: ५ गाळे × ७ थर × ७ = २४५
पुढे: ३ गाळे × ७ थर × ७.५ = १५७.५
एकूण १,०३९.५, म्हणजे १,०४०

क्षेत्रफळाच्या १,०३२ च्या अगदी जवळ आलं, त्यामुळे मोजणीत मोठी चूक नाही हे कळतं. दोघांत पन्नासचा फरक येत असेल तर एखादा गाळा सुटलाय किंवा दोनदा धरलाय, परत बघा.

आणि हे सगळं कॉलमचे खड्डे मारायच्या आधी केलंत तर अजून एक फायदा, गाळ्याची लांबीच ब्लॉकला जुळवून घेता येते. इंजिनिअरला विचारा की गाळा २.४१, २.६१ किंवा ३.०१ ठेवता येईल का. त्याला बहुतेक वेळा पाचदहा सेंटीमीटरने फरक पडत नाही, तुम्हाला मात्र प्रत्येक थराला एक कापाकापी वाचते. मी मागची बाजू तशी जुळवून घ्यायला हवी होती, तोवर कॉलम उभे राहिले होते.

५. अद्धे कसे कापणार हे ऑर्डरच्या आधी ठरवा

या एका गोष्टीवर माझे साठच्या आसपास ब्लॉक गेले. वरच्या हिशोबात अद्ध्यांची संख्या बघा: लांब बाजूला १४ गाळे × ७ थर = ९८, पुढे ३ × ७ = २१, एकूण ११९ अद्धे. कटरने ब्लॉक कापला तर एका ब्लॉकचे दोन अद्धे निघतात आणि ६० ब्लॉकमध्ये काम होतं, हिशोबात तेवढेच धरलेत. पण मिस्त्री हातोडीने किंवा छिन्नीने फोडतात तेव्हा एक अद्धा सरळ येतो आणि दुसऱ्याचा चुरा होतो, मग ११९ अद्ध्यांना ११९ ब्लॉक. ५९ ब्लॉक जास्त, आणि ते तुटफुटीत दिसतही नाहीत कारण दिवसभर थोडेथोडे जातात.

दगड कापायचं पातं लावलेला ग्राइंडर भाड्याने आणा आणि पहिल्याच दिवशी ६० ब्लॉकचे अद्धे करून एका बाजूला रचून ठेवा. धुळीसाठी तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा हवाच, कापणाऱ्या माणसाला द्या, तो मागणार नाही. काही प्लांटवाले अद्धे साच्यातच काढून देतात, विचारून बघा.

मग तुटफूट. ब्लॉक एकेक २२-२३ किलोचा असतो, हजार ब्लॉक म्हणजे २३ टनांच्या आसपास, ते उतरवताना कोपरे जातात. मी ४ टक्के धरतो. १,०४० चे ४ टक्के ४२, एकूण १,०८२, ऑर्डर १,०८५ ची. हातोडीनेच फोडणार असाल तर आधी ५९ मिळवा आणि मग ४ टक्के, ते ११४० च्या पुढे जातं.

सगळे एकदम मागवू नका. नऊशे आधी, राहिलेले सहावा थर चालू असताना मोजून. तेव्हा किती लागणार हे बोटावर मोजता येतं. फक्त त्याच प्लांटचे, त्याच साच्याचे घ्या, नाहीतर वरच्या थराची उंची बदलते आणि रेषा तुटते. आणि उतरवताना मोजा, थप्पी लावून मोजा, पाच बाय दहा अशी, गाडीत मोजलेले कधी जुळत नाहीत. ताजे काढलेले ब्लॉक आले तर घेऊ नका. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यायला हवा, खिळ्याने कोपरा सहज झिजत असेल तर तो कच्चा आहे, त्याची तुटफूट चार टक्क्यांवर थांबत नाही.

६. सांध्यांचा माल लिटरमध्ये काढा

घनमीटरमध्ये आकडे ०.०११ असे येतात आणि शून्य चुकतं, म्हणून मी लिटर वापरतो. एक चौरस मीटर भिंत, जाडी १५० मिमी, म्हणजे १५० लिटर जागा. त्यात साडेबारा ब्लॉक, प्रत्येक ब्लॉक ०.३९ × ०.१९ × ०.१५ म्हणजे ११.१ लिटरचा, मिळून १३९ लिटर. उरले ११ लिटर. तेवढाच माल. चार इंची भिंतीला याच्या दोन तृतीयांश, आठ इंचीला सव्वापटीपेक्षा थोडा जास्त.

हे झालं १० मिमीच्या सांध्याचं. आता सांधा १५ मिमीचा झाला तर? ब्लॉक अधिक सांधा ४०५ × २०५ होतो, चौरस मीटरला १२ ब्लॉक बसतात, त्यांचे १३४ लिटर, माल १६ लिटर. म्हणजे सांधा फक्त पाच मिमीने, करंगळीच्या नखाच्या अर्ध्या रुंदीने वाढला, ब्लॉक अर्धाच कमी लागला आणि माल ११ चा १६ झाला, जवळजवळ दीडपट. माझं सिमेंट अर्ध्यातच का संपलं याचं उत्तर हेच होतं. मिस्त्री कामाला चांगले होते, पण प्लिंथ बीमच सरळ नव्हता, त्यामुळे पहिल्या थराखाली माल कुठे १० तर कुठे ३० मिमी गेला, आणि पुढे हात तसाच जाड चालत राहिला. मी म्हटलं तर म्हणाले, "दादा, बीमच वरखाली हाय तर मी काय करू?" आणि त्यांचं बरोबर होतं. बीम ओतताना लेव्हल ट्यूब लावून वरचा पृष्ठभाग तपासायचं काम माझं होतं.

वाया जाणारा माल वेगळा. खाली पडतो, घमेल्यात सुकतो, ब्लॉकच्या तुटक्या कोपऱ्यात आणि कॉलमच्या फटीत जास्त जातो. याला मी २५ टक्के धरतो, लहान कामाला यापेक्षा कमी धरू नका.

८२.५ चौ.मी. × ११ = ९०८ लिटर
अधिक २५ टक्के = १,१३५ लिटर तयार माल

७. तयार मालातून सिमेंट आणि वाळू

कोरडी वाळू आणि सिमेंट मिसळून पाणी घातलं की आकार आटतो, वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळीत सिमेंट आणि पाणी जाऊन बसतं. म्हणून तयार मालाला १.३३ ने गुणून कोरडं माप काढतात.

१,१३५ × १.३३ = साधारण १,५१० लिटर कोरडं मिश्रण.

प्रमाण एकास सहा. एकूण सात भाग, त्यातला एक सिमेंट. १,५१० ÷ ७ = २१६ लिटर सिमेंट. ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटरची. २१६ ÷ ३५ = ६.२, म्हणजे ७ गोण्या. वाळू २१६ × ६ = १,२९६ लिटर, १.३ घनमीटर, ४६ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर अर्ध्या ब्रासच्या आत.

हेच १५ मिमीच्या सांध्याने केलं तर ९ गोण्या आणि ६६ घनफूट येतं. माझ्या १० लागल्या.

या फक्त सांध्यांच्या गोण्या आहेत. प्लास्टर, कोपिंग, कॉलम, बीम यांचं सिमेंट वेगळं मोजा. ठेकेदाराने "कंपाऊंडला एवढ्या गोण्या" असा एकच आकडा दिला तर त्याला फोड करून मागा, कारण एकत्र आकड्यात कुठे काय गेलं ते कधीच कळत नाही.

८. ओली वाळू आणि घमेल्याचं माप

वाळू ओलसर असली की फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि दाणे एकमेकांपासून लांब राहतात, पावसाळ्यात तर २०-२५ टक्के सहज. क्रश सँडलाही हे होतं. म्हणजे ब्रासभर ओली वाळू आली तरी तिच्यात खरी वाळू पाऊण ब्रासच्या थोडी वर असते.

तपासायला सरळ बाजूंचा डबा घ्या, ढिगातली ओली वाळू न दाबता भरा, समजा २०० मिमी उंची भरली. ती वाळू काढून डब्यात अर्धं पाणी घ्या, वाळू परत त्यात सोडा, ढवळा, बसू द्या. पाण्यात पूर्ण बुडलेली वाळू फुगत नाही. आता उंची १६० मिमी आली तर ४० भागिले १६०, २५ टक्के फुगवटा. मग ४६ ऐवजी ४६ × १.२५ = ५८ घनफूट मागवायची आणि कालवतानाही सहा ऐवजी साडेसात मापं घालायची. हे न करता ओली वाळू सहा मापं घातली तर माल एकास पाचच्याही आत जातो, सिमेंट जास्त खर्च होतं आणि जास्त सिमेंटचा माल सुकताना जास्त आकसतो, सांध्यात केसासारख्या भेगा येतात. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, असं ब्लॉकच्या सांध्याला लागू होत नाही.

माप घमेल्याने करू नका. शिगेचं घमेलं आणि सपाट घमेलं यात खूप फरक असतो आणि दुपारनंतर घमेली शिगेची व्हायला लागतात. फळ्यांचं खोकं बनवून घ्या, आतून ४० × ३५ × २५ सेंमी, बरोबर ३५ लिटर, एका गोणीएवढं. एक गोणी फोडली की सहा खोकी कोरडी वाळू, वरून फळीने सपाट केलेली. अर्ध्या गोणीचा माल करायचा असेल तर तीन खोकी. तासाभरात संपेल एवढाच कालवा, सुकत आलेल्या मालात पाणी घालून परत वापरू देऊ नका.

आणि विटांसारखे ब्लॉक पाण्यात भिजवू नका. उन्हाळ्यात लावायच्या बाजूला नुसतं पाणी शिंपडा. भिजलेला ब्लॉक भिंतीत बसल्यावर सुकून आकसतो आणि सांध्यावरच चीर येते. पाणी मारायचं ते नंतर, सांध्यांना, निदान सात दिवस.

९. रोज संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजा

वरच्या हिशोबात १,०४० ब्लॉकला ६.२ गोण्या, म्हणजे एका गोणीत साधारण १६५ ब्लॉक लागायला हवेत. सांधा १५ मिमीचा झाला की हाच आकडा ११० वर येतो. त्यामुळे दिवस संपल्यावर दोनच गोष्टी मोजा, आज किती ब्लॉक लागले आणि किती गोण्या रिकाम्या झाल्या.

१५०-१६५ येत असेल तर काम बरोबर चाललंय. १३० आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीसोबत उभं राहून सांधे टेपने मोजा. सोपी पद्धत म्हणजे बीमपासून पाचव्या थराच्या वरपर्यंत टेप लावायचा, पाच ब्लॉक म्हणजे ९५० मिमी, त्यात जे जास्त आलं त्याला पाचने भागा. १,००० आलं तर सांधा १० चा. १,०२५ आलं तर १५ चा, आणि तेवढ्यात तुमची उंचीही अडीच सेंटीमीटर वाढलीय, सातव्या थराला साडेतीन होणार. २०० च्या खुणा केलेली एक सरळ पट्टी कॉलमला बांधून द्या, प्रत्येक थराची दोरी त्या खुणेवर लावायची, मिस्त्रीला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि उलटं, एका गोणीत २०० च्या वर ब्लॉक निघत असतील तर जास्त काळजी करा. एकतर माल पातळ प्रमाणाचा आहे, खोक्याऐवजी परत घमेली चालू झाली असतील, किंवा उभे सांधे नुसते बाहेरून पुसून आत पोकळ सोडलेत. नुकताच लावलेला एक ब्लॉक उचलून बघा, दोन्ही टोकांना पूर्ण उंचीभर माल चिकटलेला दिसला पाहिजे. माझ्या मागच्या बाजूला दोन गाळ्यांत असे पोकळ सांधे निघाले, पहिल्याच पावसात आतून ओल दिसली, आणि ते सांधे खरवडून परत भरायला अजून एक गोणी गेली.